वजा दोन घालून बघा

पेपर तपासायच्या हॉलमध्ये एक पद्धत आहे. सकाळी सगळ्या परीक्षकांनी नमुना उत्तरपत्रिका वाचायची, पटली की खाली सही करायची आणि मगच गठ्ठा सोडायचा. वाचत कोणी नाही, सही मात्र सगळे करतात. मीही केली. सात वर्षं कंत्राटावर असलेल्या माणसाची सही फार झरझर होते.

शिवाय त्या दिवशी माझं लक्ष दुसरीकडे होतं. विभागप्रमुख मोठे सर आमचे मुख्य परीक्षक. मी त्यांचाच विद्यार्थी. मला कायम करावं असं शिफारसपत्र ते लिहिणार होते आणि संध्याकाळी पाचपर्यंत ते कार्यालयात पोचायला हवं होतं. सरांशिवाय दुसऱ्या कोणाच्या पत्राला तिथे कोणी विचारत नाही. सकाळपासून बायकोचे दोन फोन येऊन गेले होते. दोन्ही वेळा तिने एकच विचारलं, "दिलं का?"

अकराच्या सुमाराला मी चौथ्या प्रश्नाशी अडखळलो. प्रश्न साधा होता, पाच मार्कांचा. x चं केवल मूल्य, म्हणजे चिन्ह सोडून उरलेला आकार, दोनपेक्षा जास्त नाही. तर |x³ − 2x − 1| कधीही ओलांडणार नाही अशी एखादी मर्यादा काढा. समोरच्या पोराने की पोरीने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: त्रिकोण असमानतेनुसार बेरजेचा आकार हा आकारांच्या बेरजेपेक्षा मोठा होत नाही, म्हणून मर्यादा 8 + 4 + 1, म्हणजे 13. मी बरोबरची खूण करायला पेन टेकवलं आणि सवयीने नमुना उत्तराकडे पाहिलं. तिथे होतं: 8 − 4 − 1 = 3.

मी चष्मा पुसला. तरी तीनच.

ही चूक पहिल्या वर्षाची पोरं करतात. आत वजा दिसला की बाहेरही वजाच ठेवतात. अहो, दोन माणसं कपाट ओढत असली, तर एकमेकांविरुद्ध ओढून ते जागचं हलणार नाही असंही होईल. पण जास्तीत जास्त किती सरकेल ते सांगायचं तर दोघं एकाच बाजूला ओढताहेत असंच धरावं लागतं. कोण कुठल्या दिशेला ओढतंय हे आपल्याला माहीत नसतं. म्हणून केवल मूल्याच्या रेघा लागल्या की सगळ्यांचे वजा गळतात आणि नुसती बेरीज उरते. तेरा हा आकडा ऐसपैस आहे हे कबूल, पण तो खोटा पडत नाही. तीन पडतो.

"बाई, हे बघितलंत का?" मी शेजारच्या बाईंना विचारलं. त्या निवृत्तीला आल्या होत्या आणि गठ्ठा संपवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

"बघितलं," त्या मान वर न करता म्हणाल्या. "तीन लिहिलं की पाच मार्क, तेरा लिहिलं की शून्य. अर्धी पोरं तीन लिहितात, अर्धी तेरा."

"पण तेरा बरोबर आहे!"

"आज तुझं पत्र आहे ना?" बाई म्हणाल्या. "मग उद्या बरोबर असू दे."

खरं सांगतो, मी पुढचे दोन पेपर तसेच तपासले. दोन्ही तेरांना शून्य दिलं. तिसऱ्याने तेराखाली दोनदा रेघ मारली होती, ठाम, माझ्याच वर्गात मी मारायला सांगतो तशी. तिथे मात्र माझा हात चालेना. मला स्वतःची शिसारी आली. आणि ती आली की थोडा अभिमानही वाटतो, तोही वाटला. सात वर्षांची नोकरी पणाला लावून सत्याच्या बाजूने उभा राहणारा माणूस! मी उठलो.

मोठे सर हॉलच्या टोकाला, फायलींच्या ढिगाआड बसले होते. माझं म्हणणं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"x च्या जागी दोन घालून बघ," ते म्हणाले. "आठ वजा चार वजा एक. तीनच येतात. मी पेपर काढतानाच पडताळून पाहिलं."

"सर, वजा दोन घालून बघा."

त्यांनी कागदाच्या कडेला पेन्सिलने मांडलं. वजा आठ. अधिक चार. वजा एक. वजा पाच. त्याचं केवल मूल्य पाच. आणि पाच हा तीनच्या आत बसत नाही, हे सांगायला पदवी लागत नाही. मी आतून फुलून आलो.

"इतकी ढोबळ चूक, सर," मी म्हणालो, आणि इथे थांबायला हवं होतं, पण थांबलो नाही. "ज्याने कोणी हे लिहिलं त्याला त्रिकोण असमानता कळलेलीच नाही."

"हं," सर म्हणाले. त्यांनी ढिगातून एक जुनी निळी फाईल ओढून काढली. "उदाहरण मी यातून घेतलं. विभागाच्या टिपा. माझ्या तुकडीला मी सात वर्षं यातूनच शिकवतोय."

पान त्यांनी माझ्याकडे वळवलं. अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही. सातच्या आकड्याला आडवी रेघ देणारा आमच्या विभागात मी एकटाच. नोकरीच्या पहिल्या वर्षी, सरांवर छाप पाडायची म्हणून, एका सुट्टीत मी त्या टिपा एकटाकी लिहून दिल्या होत्या. पुढे वर्गात शिकवता शिकवता मी शहाणा झालो. टिपा होत्या तिथेच राहिल्या. परत उघडून बघितल्या नाहीत.

"मला वाटलं, तू लिहिलंयस म्हणजे तपासलेलं असणार," सर म्हणाले. आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

तीन लिहिणारी ती अर्धी पोरं सरांच्या तुकडीची होती. त्यांनी इमानेइतबारे माझंच पाठांतर केलं होतं.

सरांनी नमुना उत्तरातला तीन खोडला, तेरा लिहिला, पुढे सही केली आणि बाईंना हाक मारून सगळे गठ्ठे परत मागवायला सांगितले. मग खण उघडून त्यांनी माझं पत्र बाहेर काढलं. ते टाइप होऊन तयार होतं.

"एक ओळ बघून घे," ते म्हणाले. "ठेवायची की नाही ते तूच सांग."

पत्रात तीन वाक्यं होती. पहिलं, की मी सात वर्षं विभागात आहे. तिसरं, की मी वेळेवर येतो. मधलं असं होतं: "यांनी तयार केलेल्या टिपा हा विभागाचा आधार असून त्यांत आजवर एकही चूक आढळलेली नाही."

फोन थरथरला. बायकोच असणार. मी तो उचलला नाही.

हातातलं लाल पेन अजून उघडंच होतं. मी मधल्या ओळीवर रेघ मारली. मग, सवयच ती, तिच्याखाली दुसरी रेघही मारली. सरांनी पत्र घेतलं, एकदा वाचलं आणि खाली सही केली.

"वेळेवर येतोस हे खरं आहे," ते म्हणाले, आणि पत्र शिपायाच्या हातात दिलं.