पाच आकड्यांचा पत्ता

मावशीच्या जुन्या शिलाई मशीनचं शटल झिजलं आणि दुरुस्तीवाल्याने हात टेकले. तसलं शटल आता परदेशातल्या एकाच दुकानात मिळत होतं. म्हणून एका दुपारी भाची लॅपटॉप घेऊन आली.

वेबसाइटवर देश निवडता आला, पण राज्यांची यादी त्यांच्याकडचीच, आणि रकाना रिकामा ठेवला तर पान पुढे सरकेना. भाचीने यादीतलं पहिलंच राज्य ठोकून दिलं. पिनकोडाची तऱ्हा त्याहून वरची. सहा आकडे दाबले तरी पाचच उमटत. शेवटचा आठ काही केल्या बसेना.

"पोचेल का गं अशाने?"

"घर नंबर, गल्ली, फोन सगळं आहे. पोचेल."

पाच आठवड्यांनी मागचं दार वाजलं. काका गेल्याला सात वर्षं झाली, तेव्हापासून ते बंदच होतं. मावशीने गंजलेली कडी बत्त्याने ठोकून काढली. बाहेर नवाच पोस्टमन उभा. मागून का आलास, असं विचारल्यावर त्याने पार्सलवर बोट ठेवलं.

छापील लेबलवरचं चुकीचं राज्य निळ्या शाईने खोडून वर आपलं राज्य लिहिलं होतं. पाच आकड्यांपुढे आठ. आणि खाली एक ओळ : 'मागच्या दाराने द्यावे. मशीन चालू असताना तिला बेल ऐकू येत नाही.'

संध्याकाळी भाची हसून म्हणाली, पोस्टातल्या कुणीतरी सुधारलं असेल. मावशीने कपाटातून मापांची वही काढली. गिऱ्हाइकांची मापं काका लिहीत. आठाची शेपटी खालच्या ओळीत घुसवायची त्यांची खोड पानोपानी दिसत होती. भाचीने वही लेबलाशेजारी धरली. लेबलावरच्या निळ्या आठाची शेपटीही तशीच खालच्या ओळीत घुसली होती.

तिने दुकानाला विचारलं. त्यांनी पार्सल बांधतानाचा फोटो धाडला. लेबल कोरं करकरीत, निळ्या शाईचा ठिपकाही नाही. आपल्या पोस्टातही कुणाला काही ठाऊक नव्हतं.

शटल बसलं, मशीन पहिल्यासारखं चालू लागलं. महिन्याभराने मावशी म्हणाली, "सुयांचं एक पाकीट मागव गं. तिकडूनच."

"सुया तर इथे कोपऱ्यावर मिळतात."

"तिकडूनच मागव. आणि पत्ता होता तसाच घाल."

भाचीने तिच्यासमोर तसाच घातला. पण घरी गेल्यावर तिला राहवेना. दुकानाला मेल करून तिने राज्य, सहाही आकडे, सगळं नीट कळवलं.

या वेळी पाकीट पुढच्या दाराने आलं, स्वच्छ छापलेलं. मावशीने ते खिडकीपाशी नेलं, उलटसुलट करून पाहिलं, लेबलावरून अंगठा फिरवला. मग ते न फोडताच खणात ठेवलं.

"पत्ता बरोबर आला हो," ती एवढंच म्हणाली.

भाची चहाची भांडी विसळत राहिली. तिला मान वर करवेना.