लवंगेच्या वासाचे आठ दिवस

धाकटी बहीण सहा वर्षांनी माझ्याकडे आली, तीही दोन दिवसांसाठी. मी दातांची डॉक्टर. दवाखाना खाली, घर वर, आणि दोन्हीकडे मी एकटीच. दुसऱ्या दिवशी नाश्ता करताना तिच्या दाढेतलं जुनं फिलिंग निघून आलं आणि, खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

दाढ दुखत नव्हती. खड्डा उथळ होता. रेझिनचं पक्कं फिलिंग भरून त्यावर निळा प्रकाश धरला असता तर अर्ध्या तासात काम झालं असतं. मी मात्र काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडची पूड घेतली, त्यात लवंगेच्या तेलातलं युजेनॉल थेंबथेंब मळलं आणि तो लगदा भरून टाकला. दुखऱ्या दाताला शांत करणारं हे तात्पुरतं फिलिंग. पण युजेनॉल दातात मुरतं आणि लगेच वर रेझिन भरलं तर ते नीट घट्ट होत नाही, दाताला धरत नाही. म्हणजे थांबणं आलं. दाढ नाजूक आहे, आठवडाभर बघू, असं मी तिला सांगितलं. 'माझ्यासाठी थांब' एवढं म्हणायला जीभ वळेना. मोडेन पण वाकणार नाही, हा माझा जुना रोग.

तिने निमूट तिकीट पुढे ढकललं.

त्या आठवड्यात एक गवंडीकाका रोज येत. दाढ काढल्यावर त्यांच्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून गेली होती, हाड उघडं पडून ठणकत होतं. मी खड्डा धुऊन युजेनॉलची पट्टी ठेवायचे, की घटकाभरात त्यांचा चेहरा सैल व्हायचा. बरं वाटतंय तर पट्टी राहू द्या, असं ते म्हणाले. मी सांगितलं, पट्टीने ठणका थांबतो, पण ती तशीच ठेवली तर खड्डा भरत नाही. बहीण कोपऱ्यात बसून ऐकत होती.

संध्याकाळी दोघींचा चहा व्हायचा. बोलणं हवापाण्याचं. तरी दोन कप विसळताना मला भरून यायचं.

आठव्या दिवशी लगदा पुरता खरवडून काढला, दाताला आम्ल लावून तो धुतला आणि रेझिन भरलं. पक्कं बसलं. तिने चूळ भरली.

"ताई, बाबांच्या दवाखान्यात सुट्टीत लगदा कोण मळायचं?"

मी हातमोजे काढू लागले.

"मीच ना. पक्कं भरायचं असेल तिथे लवंगेचं तेल नको, हे बाबांनी मला दहाव्या वर्षी शिकवलंय. तू भरलंस तेव्हाच वास आला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"तू 'थांब' म्हणशील म्हणून वाट बघत होते. आठ दिवस बघितली."

तिचं तिकीट दुपारचं होतं. बॅग मीच रिक्षात ठेवली, पोचल्यावर फोन कर म्हटलं.

थांब, असंही म्हटलं. पण ते रिक्षा वळल्यावर.