चार फूट तीन इंचांवरची फळी

हरिश्चंद्रकाकांनी तिसऱ्यांदा मान हलवली, तेव्हा मथुराला वाटलं, रंगाचं पाणी त्यांच्याच चहात ओतावं.

काका बोटीवरचे निवृत्त इंजिनीअर. महाबळेश्वरला बंगला बांधत होते आणि दिवाणखान्यात त्यांना फायरप्लेस हवी होती. आर्किटेक्ट आप्पांच्या रत्नागिरीतल्या ऑफिसात बांधण्याआधीचं रंगीत चित्र काढायची मथुराची ही पहिलीच वेळ. जमलं नाही तर काम मुंबईच्या चित्रकाराकडे जाणार आणि मथुरा पुन्हा ट्रेसिंगला, हे आप्पांनी सकाळीच ऐकवलं होतं.

पहिल्या चित्रात काकांना ते देवघर वाटलं. दुसऱ्यात म्हणे होळी पेटली होती. मग तिने सगळी खोली गडद केली, पिवळा फक्त लाकडांपाशी ठेवला, त्याची ऊब फरशीवर आणि खुर्चीच्या पायांवर विरत नेली.

"उजेड झकास गो," काका म्हणाले. "पण ही वरची फळी? घड्याळ ठेवायला शिडी लागेल."

"चार फूट तीन इंच आहे, काका. प्लॅनवर बघा."

"प्लॅन राहू दे. डोळ्यांना दिसतंय ते सांगतो."

"मग डोळे तपासा," असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. आप्पांनी चष्म्यावरून पाहिलं, म्हणून ते तिने गिळलं.

काका चहा पिईपर्यंत तिने टेप घेऊन भिंतीवर चार फूट तीन इंचांवर खडूची रेघ मारली. तिथे ड्रॉइंगबोर्ड फळीसारखा आडवा टेकवून धरला आणि ताठ उभी राहून पाहिलं. बोर्डाची वरची बाजू सबंध दिसत होती. खालची अजिबात नाही. आणि चित्रात? चित्र तर उभ्या माणसाच्या, पाच फूट उंचीवरच्या नजरेने काढलेलं, अन् फळीची खालचीच बाजू दिसत होती. ती तिने काकांनी नमुना म्हणून दिलेल्या फोटोतून जशीच्या तशी उचलली होती.

"काका, हा फोटो बसून काढलात?"

"हो तर. स्कॉटलंडात, पाय मुरगळला होता. पाटाएवढ्या स्टुलावर बसून."

"हे आधी सांगायचं होतं ना!"

"तू कुठे विचारलंस?"

हे मात्र खरं होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. तिने पोस्टर कलर घट्ट कालवला, फळीची खालची बाजू झाकली आणि वरच्या बाजूची अरुंद पट्टी काढली. उजेड फळीखालच्या दगडांवर तेवढा ठेवला. धुराड्याचा भिंतीबाहेर आलेला भाग फळीमागे सरळ छतापर्यंत गेला. फळी छातीशी येऊन बसली.

काकांनी चित्र लांब धरलं, जवळ धरलं. "हां. आता घड्याळ राहील. फक्त खुर्ची जरा..."

"खुर्ची तुम्ही स्वतः सरकवा, काका. बंगल्यात."

आप्पा हसले नाहीत. त्यांनी कपाटातून दुसरी गुंडाळी काढून तिच्या टेबलावर टाकली. "पाली गावचा दवाखाना आहे. सोमवारपर्यंत रंगव. यात आग नाही."