हिरव्या साडीतला फोटो

गडमुडशिंगीच्या आकाराम चौगुल्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, हे दूध संस्थेत सगळ्यांना ठाऊक. संस्थेत ते फॅट मोजायला बसत, आणि कुणी पावणं चुकून दाराशी आलं तर हातातलं काम टाकून त्याला चहा पाजत. माणूस इतका भला की घरच्यांना त्याची भीतीच वाटावी. बायको होती तोवर तिनं हा भलेपणा आवरून धरला होता. ती गेल्यावर घरात दोघंच उरली, आकाराम आणि मुलगी वर्षाराणी.

वर्षाराणी कोल्हापुरात एका खासगी दवाखान्यात नर्स. सहा वर्षं आयसीयूत काढलेली, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. तिला आखातात जायचं होतं. तीन-चार वर्षं तिथं काम करून येईन आणि मग लग्नाचं बघू, असं तिनं वडिलांना सांगून टाकलं होतं. आकारामांनी मान डोलावली, पण स्थळं बघणं काही थांबवलं नाही. त्यासाठी कपाटाच्या वरच्या खणात एक पिवळा लिफाफा कायम तयार असे. त्यात पत्रिका, आधार, पॅन आणि पासपोर्टची झेरॉक्स. पासपोर्टची झेरॉक्स कशाला, तर परदेशातल्या एका स्थळानं एकदा मागितली होती. आणि सगळ्यांत वर तो फोटो. हिरवी साडी, कानांत आईच्या कुड्या. वर्षाराणीला तो फोटो मुळीच आवडत नसे. नोकरीच्या अर्जाला ती गणवेशातला फोटो लावायची.

समोरच्यानं मागितलं की मुलीच्या बापानं द्यायचं, असा आकारामांचा शिरस्ता. कोण आहात, कशाला हवं, असं विचारलं तर ताठा दिसतो आणि स्थळ जातं. तीन वर्षांत तो लिफाफा किती दारांत फिरून आला, याची गणती त्यांनीही ठेवली नव्हती.

नोकरीच्या साइटवर वर्षाराणीनं बायोडाटा टाकला होता, तो बघून फेब्रुवारीत एके दुपारी तिच्या मोबाइलवर निरोप आला. आखातातल्या मोठ्या हॉस्पिटलात जागा आहे, पासपोर्टची कॉपी, फोटो, आधार आणि पॅन आजच पाठवा, मुलाखत नंतर होईल. तिनं जेवता जेवता उत्तर लिहिलं आणि वडिलांना वाचूनही दाखवलं.

"सर, बायोडाटा तुमच्याकडं आहेच. मुलाखतीआधी मी पासपोर्ट किंवा आधार पाठवत नाही. तुमच्या एजन्सीचा सरकारी परवाना क्रमांक आणि हॉस्पिटलचं नाव कळवा. निवड झाली की कागद देईन."

"एवढं रोखठोक लिवायचं न्हाय गं. पोटापाण्याची गोष्ट हाय," आकाराम म्हणाले.

"आबा, खरा असंल तर नंबर देईल की. त्यात राग कसला?"

त्या माणसानं नंबर दिला नाही. पण बायोडाट्यात घरचा म्हणून वडिलांचाही मोबाइल होता. दुसऱ्या दिवशी संस्थेत दुधाची वेळ संपता संपता आकारामांना फोन आला. आवाज गोड, अदबीचा.

"काका, मॅडम जरा कडक आहेत हो. आज संध्याकाळी यादी बंद होतेय. तुमच्या शब्दाखातर मी नाव धरून ठेवलंय."

तुमच्या शब्दाखातर! इतक्या स्थळांच्या दारात उभं राहूनही आकारामांना हे कुणी कधी म्हटलं नव्हतं. पोरीचं नशीब आपल्या हातानं उघडतंय, असं त्यांना वाटलं. घरी येऊन त्यांनी लिफाफा काढला, एकेक कागद पलंगावर पसरला आणि मोबाइलवर फोटो काढून पाठवून दिले. हिरव्या साडीतलाही पाठवला. आपली पोर किती देखणी आहे, हे त्यांनाही दिसू दे की! पलीकडून हात जोडलेलं चित्र आलं.

तिसऱ्या दिवशी तो नंबर बंद झाला. वर्षाराणीला कळलं तर काय म्हणेल, या एका धास्तीनं त्यांनी सगळं बोलणं मोबाइलवरून पुसून टाकलं, कॉलच्या यादीतूनही नंबर काढला. आणि झालं ते आपण सोडून कुणालाच माहीत नाही, अशी मनाची समजूत घातली.

दरम्यान पुण्याच्या एका एजन्सीकडून बोलावणं आलं. वर्षाराणीनं परवाना क्रमांक मागितला, त्यांनी दिला, तिनं सरकारी संकेतस्थळावर तो ताडून पाहिला. मग हॉस्पिटलच्या मुख्य नर्सबाईंनी पाऊण तास व्हिडिओवर मुलाखत घेतली. निवड झाली, आणि त्यानंतर एजन्सीनं पासपोर्ट मागितला. आकारामांनी संस्थेत पेढे वाटले. जुलैच्या पहिल्या तारखेला रुजू व्हायचं होतं. व्हिसासाठी आता पोलिसांचा दाखला तेवढा हवा होता.

दाखला आला नाही, बोलावणं आलं. आकाराम मुलीबरोबर गेले. ते नेहमीच जात.

सायबर पोलिसांकडल्या अधिकारी बाई वयानं वर्षाराणीएवढ्याच, नाव क्रांती. त्यांनी शांतपणे सांगितलं, "तुमच्या नावावर तीन सिमकार्डं निघालीत. त्यातल्या एकावरनं दुसऱ्या राज्यातल्या एका निवृत्त मास्तरांना लुबाडलंय. तिथल्या गुन्ह्यात तुमचं नाव आहे."

"मी कागद कुणाला दिलेच न्हाईत, मॅडम," वर्षाराणी म्हणाली. मोबाइल काढून तिनं फेब्रुवारीतलं आपलं उत्तर दाखवलं. "हे बघा. मी स्वच्छ नकार दिलाय."

क्रांतीबाईंनी ते वाचलं. "असंच उत्तर द्यायला हवं," त्या म्हणाल्या, आणि सिमच्या अर्जाची प्रत तिच्यासमोर ठेवली.

प्रतीवर हिरवी साडी होती. कानांत कुड्या.

वर्षाराणी बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिली. मग तिनं वडिलांकडं पाहिलं, आणि आकारामांना त्या खोलीत तोंड लपवायला जागा उरली नाही.

"हा फोटो स्थळांना दिलेला, मॅडम," ती सावकाश म्हणाली. "बऱ्याच जणांकडं गेलाय. कुणी वापरला, काय सांगावं?"

ती त्यांना झाकत होती. सगळं हातातून जात असताना पोर बापाची लाज झाकत होती, आणि ते आकारामांना सोसवेना.

"मी दिलं. त्यानं मला फोन केलता. समदं मीच पाठवलं."

क्रांतीबाई एकदम पुढं झुकल्या. "काका, मग बोलणं असेल ना मोबाइलवर? नंबर, तारीख? तेवढं मिळालं तर यांची बाजू भक्कम होईल. तुमचा मोबाइल दाखवा."

आकारामांनी मोबाइल पुढं केला नाही. तो त्यांनी दोन्ही हातांत घट्ट धरला होता.

"पुसलं," ते म्हणाले. "हिला कळू नये म्हणून."

मग क्रांतीबाईंनी रीतसर सांगितलं. मोबाइल तपासायला पाठवू, कंपनीकडनं कॉलची नोंद मागवू, ते तिन्ही नंबर बंद करून घेऊ. तुमच्यावर बालंट राहणार नाही, पण वेळ लागेल.

"जुलैपर्यंत?" वर्षाराणीनं विचारलं.

"त्याआधी होणं कठीण आहे."

हॉस्पिटल जुलैपुढं थांबलं नाही. एजन्सीच्या माणसानं फोनवर मनापासून हळहळ व्यक्त केली. वर्षाराणी पुन्हा रात्रपाळीला जाऊ लागली. तिनं वडिलांना एक शब्द सुनावला नाही. त्यापेक्षा तिनं चारचौघांत शिव्या घातल्या असत्या, तर आकारामांना बरं वाटलं असतं.

एका रविवारी तिनं पिवळा लिफाफा मागितला. आता फाडणार, असं त्यांना वाटलं. तिनं फाडला नाही. आतले सगळे कागद मोजून घेतले, आपल्या कपाटात ठेवले आणि बाजारातून आणलेलं नवं छोटं कुलूप लावलं. त्या घरात कशालाच कधी कुलूप नव्हतं. बायकोचे दागिनेसुद्धा डब्यात उघडे असत.

"चहा टाकू का, आबा?" किल्ली पर्समध्ये टाकत तिनं विचारलं. आवाज नेहमीचाच होता.

"टाक की," आकाराम म्हणाले.