चांगदेव पाटलांकडे उभ्यानं घेतलेला चहा

उन्नतीला पसारा खपत नसे. कामतघरच्या त्या ऑफिसात ती नोकरीला लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी तिनं टेबलावरच्या पिनांचे सुद्धा दोन डबे केले, सरळ पिना एकीकडे आणि वाकड्या एकीकडे. वाकड्या ठेवल्या कशाला, हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही.

ऑफिस मनोजशेठचं. यंत्रमागाला लागणारं सामान, म्हणजे शटल, पिकर, चामड्याचे पट्टे असलं काय काय ते विकत. दोन हजार आठ साली त्यांनी हौसेनं कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम घेतला. प्रत्येक गिऱ्हाइकाचं त्यात एक पान: कोण भेटलं, काय बोलणं झालं, पुढे काय करायचं, कोणी आणि कधी. फिरतीवरच्या दोघांपैकी सागर आपलं आपण टाइप करायचा. दुसरे अंजूरचे केसरीनाथकाका. वीस वर्षं याच कामात मुरलेले, पण पेन फक्त सहीपुरतं धरणारे. मग शेठनी त्यांना रेकॉर्डिंगचा मोबाइल दिला. भेट झाली की काकांनी त्यात बोलायचं, संध्याकाळी मोबाइलमधलं कार्ड उन्नतीला द्यायचं, आणि तिनं ते कॉम्प्युटरवर उतरवून, ऐकून नोंद करायची.

काका बोलायचे म्हणजे काय बोलायचे! चांगदेव पाटलांकडच्या भेटीचं रेकॉर्डिंग अकरा मिनिटांचं होतं. त्यात पाटलांच्या मेव्हण्याचं भांडण होतं, वाटेत रिक्षा बंद पडल्याची हकिगत होती, आणि कुणाकडे बोंबील कसे वाळत घातलेत यावर दोन मिनिटं खर्ची पडली होती. उन्नतीनं डोक्याला हात लावला आणि टाइप केलं : 'भेट झाली. सध्या मागणी नाही. पुढील भेट एका महिन्याने.' तीन वाक्यं, लख्ख. तिला स्वतःचंच कौतुक वाटलं.

पंधरा दिवसांनी, शनिवारी सकाळी, शेठनी दोघांच्या नोंदींची यादी छापून मागितली आणि ती वाचता वाचता त्यांचा चेहरा पडला.

"काकांच्या चौदा भेटी. त्यातल्या अकरांत मागणी नाही, मागणी नाही. वडिलांच्या वेळचा माणूस म्हणून मी गप्प होतो. पण सोमवारपासून त्यांना गोडाऊनला बसवतो. त्यांची गिऱ्हाइकं सागर बघेल. सोमवारी मीच सांगेन त्यांना, तू आत्ता काही बोलू नकोस."

उन्नती "हो" म्हणाली आणि जागेवर येऊन बसली. उन्हातान्हात दारोदार फिरणारा माणूस चार भिंतींत खोकी मोजत बसणार होता, आणि ते 'मागणी नाही' अकरा वेळा तिच्याच बोटांनी लिहिलेलं होतं. काकांनी एकदाही तो शब्द उच्चारला होता का? तिला आठवेना. मग तिनं कानात हेडफोन घातला आणि पाटलांचं रेकॉर्डिंग पहिल्यापासून लावलं, या खेपेला हात बांधून.

रिक्षा गेली, बोंबील गेले, मेव्हणा गेला. आठव्या मिनिटाला काका कुरकुरत होते : "बसाया जागा न्हाय बघ. माझ्या बाकड्यावर शिमिटाच्या गोणी रचल्यात. चहा उभ्यानं प्यालो. आन मागच्या बाजूला नवीन पत्रे टाकलेत, जमिनीत बोल्टांसाठी खड्डे मारलेत, माझा पाय मुरगळता मुरगळता वाचला. तो वायरमन नुसता येडा, वायर आडवीच ठेवतो..."

उन्नतीनं ते वाक्य तीनदा ऐकलं. मागच्या खेपेला ही सगळी कटकट तिनं कचऱ्यात टाकली होती. नवे पत्रे, वायरिंग, बोल्टांचे खड्डे. हे काय चहाचं गाऱ्हाणं होतं?

पण तिला वाटलं म्हणून ते लिहिता येत नव्हतं. तिनं काकांना फोन लावला.

"काका, पाटलांकडे ते खड्डे कशासाठी मारलेत?"

"लूम बसवाया. आणखी कशाला?"

"किती लूम?"

"मोजलेत कुणी? थांब... एका ओळीत चार आन ओळी चार. सोळा."

"पाटील स्वतः बोलले तसं?"

"न्हाय. मी ईचारलंच न्हाय. त्यांचा मिस्त्री रघू बोल्ला, दसऱ्याला बटन दाबणार. पण ज्यादा लाइटचा लोड अजून मंजूर व्हायचाय."

"अहो काका, मग हे शेठना का नाही सांगितलं?"

"सांगितलं की! मोबाइलमधी!"

उन्नतीनं फोन ठेवला. तिनं पाटलांचं पान उघडलं, पहिली नोंद तशीच ठेवून खाली दुरुस्ती लिहिली :

'भेटले : चांगदेव पाटील (मालक), रघू (मिस्त्री).
मालकांचे बोलणे : सामानाविषयी काही नाही.
मिस्त्रीने सांगितले : दसऱ्याला नवे लूम सुरू करणार, वाढीव वीज मंजूर होणे बाकी.
प्रतिनिधीने पाहिले : मागे नवी शेड, अंदाजे सोळा लूमची तयारी.
खात्री बाकी : लूमची संख्या, सामान कोणाकडून घेणार.
पुढे : केसरीनाथ यांनी मालकांना भेटून विचारणे, मंगळवार.'

मेव्हण्याचं भांडण तिनं मुद्दाम वगळलं. ते पाटलांनी काकांना विश्वासानं सांगितलं होतं, आणि हे पान उद्या सागरही वाचणार होता. गोष्ट खरी असली म्हणून ती नोंदीत बसतेच असं नाही.

तिनं छापून नेलेलं पान शेठनी वाचलं आणि मंगळवारची वाट न बघता तिथल्या तिथे पाटलांना फोन लावला. स्पीकर चालू होता. उन्नती दारात उभी राहिली. अंदाज चुकला तर काका सोमवारी गोडाऊनमध्ये जातील, हे तिला ठाऊक होतं.

"तुला कोण बोल्लं रे नवीन लूमचं?" पाटलांनी विचारलं.

"आमचे केसरीनाथकाका."

पलीकडून असा हास्याचा गडगडाट झाला की स्पीकर खरखरला. "तरी म्हटलं, तो खड्ड्यांत डोकावून काय बघतो! सोळाच हायेत. दुसऱ्या दोन कंपन्यांची माणसं रोज येऊन डोकं खातात. हा येतो, चहा पितो, घरच्यांची खुशाली ईचारतो आन जातो. मी वाट बघतोय हा कधी ईचारतो याची! पाठव त्याला मंगळवारी. आन त्यालाच पाठव, दुसरा नको."

फोन ठेवून शेठनी यादीकडे बघितलं, मग उन्नतीकडे.

"ती 'मागणी नाही'वाली नोंद कुणी केली होती?"

"मीच. काका तसं बोललेच नव्हते. मला नीटनेटकं करायचं होतं, म्हणून मी नीट ऐकलंच नाही."

शेठ रागावतील असं तिला वाटलं. त्यांनी यादी सरळ फाडली. "मग उरलेल्या दहा परत ऐक. गोडाऊनचं सोमवारी काही बोलणार नाही मी. सोमवारीच काय, कधीच नाही."

जागेवर येऊन उन्नती इतकी हसली की वाकड्या पिनांचा डबा तिच्या कोपरानं खाली सांडला, आणि तो तिनं दुपारपर्यंत उचलला नाही.

सोमवारी काका आले, तेव्हा तिनं त्यांना पाटलांचं पान वाचून दाखवलं. काका टोपी हातात घेऊन ऐकत राहिले, कोर्टात निकाल ऐकावा तसे.

"हे मी बोल्लो?"

"सगळं तुम्हीच."

"वीस वरसं झाली," काका हळूच म्हणाले, "आमची कमळ ईचारते, तू दिसभर नक्की करतो तरी काय? चहा पितो, गप्पा मारतो, त्याचा पगार देतात व्हय? मला कधी नीट सांगताच आलं न्हाय." त्यांनी मोबाइल तिच्यापुढे धरला. "पोरी, तू यात बोल. तिला ऐकवतो."

उन्नतीनं बटण दाबलं. "काकू, मी उन्नती, ऑफिसातून," अशी सुरुवात करून तिनं नोंद वाचली. ती अर्ध्या मिनिटात संपली. पण तेवढ्यावर तिचं समाधान होईना. मग ती पाटील कसे हसले ते सांगायला लागली, काकांनी खड्डे कसे ओळीनं आठवले ते सांगितलं, मध्येच बोंबलांची चौकशी केली, काका उन्हात फिरतात तर पाण्याची बाटली मोठी द्या म्हणाली, आणि पुन्हा पाटलांवर आली.

तिनं पुन्हा बटण दाबून ते बंद केलं, तेव्हा रेकॉर्डिंग बारा मिनिटांचं झालं होतं.