चौदा तारीख

वासिती टेकडीवरच्या चर्चच्या पायरीवर फोन घेऊन बसली होती. गावात नेटवर्क फक्त तिथेच मिळायचं. राजधानी सुवामधल्या पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेने तिची निवड केली होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा, सोमवारी, चौदा जुलैला, रुजू व्हायचं. आणि गुरुवारी, सतराला, तिचे वडील गेल्यानंतरची शंभरावी रात्र होती. त्या दिवशी गावाचं सुतक सुटणार होतं, त्यांच्या नावाने बंद ठेवलेलं मासेमारीचं पाणी पुन्हा खुलं होणार होतं. त्या वेळी तिथे एकुलती एक लेकच नसणार, हे तिला सहन होत नव्हतं.

शेजारी बसलेल्या आतेभाऊ सेमिसीने तिच्या उत्तराचा मसुदा वाचला. "'नोकरी स्वीकारते, पण'? बाई, तू होकार देतेयस की मासळीचा भाव करतेयस?"

तिने 'पण' खोडलं. "चौदाला रुजू होईन," एवढंच ठेवलं.

तेवढ्यात मोठे काका धापा टाकत वर आले. "वाच बघू."

तिने वाचलं.

"सतराचं विचारलंस त्यांना?"

"नाही म्हणतील, काका."

"आणि मला विचारलंस?"

तिने तेही खोडलं. मग पुन्हा लिहायला लागली.

'आपली नेमणूक मी स्वीकारते. सही केलेलं पत्र सोबत जोडलं आहे. सतरा जुलैला माझ्या वडिलांच्या शंभराव्या रात्रीचा विधी गावी आहे. एकवीसला रुजू होणं शक्य असल्यास कृपया कळवावं. नसल्यास चौदा तारीख पक्की समजावी. कर क्रमांक, भविष्य निधी क्रमांक आणि पदवीची साक्षांकित प्रत तयार आहे. पोलिसांचा दाखला आधी पाठवायचा की पहिल्या दिवशी आणायचा?'

दुपारी उत्तर आलं. कार्यालयातल्या बाईंनी आधी दुःख व्यक्त केलं होतं. मग लिहिलं होतं की नव्या लोकांचं सुरक्षा प्रशिक्षण चौदापासून आठवडाभर आहे. त्याशिवाय प्रयोगशाळेत पाऊल ठेवता येत नाही, आणि पुढची तुकडी थेट ऑक्टोबरात. तारीख बदलता येणार नाही. दाखल्याची प्रत आधी पाठवावी, मूळ कागद पहिल्या दिवशी आणावेत.

तिने ते काकांना वाचून दाखवलं. "शनिवारी करू," ते म्हणाले. "बाराला."

"पंगतीच्या डुकराला कुणीतरी कळवा," सेमिसी हळूच म्हणाला, "त्याचे पाच दिवस गेले."

कुणी हसलं नाही. वासिती म्हणाली, "शंभर रात्री भरणार नाहीत, काका."

"नाही भरणार. हे तुझ्या आईला मी सांगतो." काका गुडघ्यावर हात टेकून उठले. "तू त्यांना कळव."

ते उतरून दिसेनासे होईपर्यंत ती थांबली. मग लिहिलं: 'चौदा जुलै पक्की. दाखल्याची प्रत या आठवड्यात पाठवते.'