कारण नव्हे, संबंध

सोमवारी नैतिकता समितीकडे प्रबंधाचा आराखडा द्यायचा होता आणि गुरुवारपर्यंत माझा अभ्यास कोणत्या पद्धतीचा, हेच ठरलं नव्हतं. विषय ठरला होता: प्रौढांमधील मधुमेहाचे जोखीम घटक. मी बेचाळीस वर्षांचा. बारा वर्षं वणीकडच्या आरोग्य केंद्रात मेडिकल ऑफिसर होतो. आता सेवेत राहूनच यवतमाळला एमडी करतो आहे. वर्गातली बाकीची मुलं मला सर म्हणतात.

माझी बायको जया दीड वर्षापूर्वी गेली. पायाला खिळा लागला, जखम चिघळली, दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर पाचशेच्या वर निघाली. त्याआधी तिची शुगर कोणी तपासलीच नव्हती. घरात डॉक्टर होता, त्यानंही नाही. एकोणचाळीस वर्षांची होती. अकराव्या दिवशी गेली.

मला कारण हवं होतं. तिला हा आजार कशानं झाला, ते. प्रबंध करायचाच आहे तर तोच करू, असं मी ठरवलं होतं.

पहिला आराखडा कोहॉर्टचा केला. शुगर नसलेली हजार माणसं घ्यायची, त्यांच्या सवयी लिहून घ्यायच्या, मग पुढं कोणाला मधुमेह होतो ते बघत राहायचं. आधी काय आणि नंतर काय, ते यात स्वच्छ कळतं. माझ्या गाइड शीला मॅडमनी दोन पानं वाचली आणि चष्मा काढला.

"राठोड, डेटा गोळा करायला किती महिने आहेत?"

"बारा मॅडम. फार तर चौदा."

"हजारातल्या किती जणांना वर्षात नवीन शुगर निघेल?"

"दहा-पंधरा. लय झाले तर वीस."

"अन् वीस माणसांवर तुम्ही सांगणार कशानं झालं ते? त्यातले पाच पुण्याले पोरापाशी जातीन. तुमची पेन्शन लागेल, तरी अभ्यास सुरूच राहीन."

दुसरा आराखडा केस-कंट्रोलचा केला. ज्यांना सहा महिन्यांच्या आत मधुमेह निघाला ते रुग्ण, आणि त्यांच्याच वयाचे, त्याच गावचे, तपासून शुगर नसलेले लोक. दोघांना मागच्या सवयी विचारायच्या. वेळ कमी लागतो, रुग्ण पुरेसे मिळतात. मॅडम म्हणाल्या, "आधी फॉर्म घेऊन दोन घरं फिरून या. मग बोलू."

म्हणून शुक्रवारी बाभुळगावकडच्या एका तांड्यावर गेलो. तिथल्या आशा सेविकेनं बिजलीबाईंचं घर दाखवलं. पंचेचाळीसच्या असतील, चार महिन्यांपूर्वी शुगर निघाली होती. शेजारच्या धनीबाई त्याच वयाच्या. त्यांची शुगर मी सकाळी उपाशीपोटी तपासली, नॉर्मल होती. दोघी ओट्यावर बसल्या.

"आजार निघायच्या आधी रोज चालणं व्हायचं का?" मी बिजलीबाईंना विचारलं.

"चालतो ना. सकाळी पार रोडापर्यंत जातो."

"हे आताचं. आधीचं सांगा."

"आधी कायले चालीन? वावरातच मरत होतो." मग त्या थांबल्या. "नाई, पण वावरात जाणं कमी झालतं. दोन वर्सं. का तीन?"

"चहात साखर?"

"आता नाई. डॉक्टरनं बंद केली."

"आधी?"

मग बिजलीबाई सुरू झाल्या. भावाच्या लग्नात किती जिलेबी खाल्ली, तीजच्या सणाला काय खाल्लं, पोराच्या टेन्शननं किती रात्री झोप नव्हती, जावेनं कधी शिव्या दिल्या. एकेक तारीख सांगत होत्या. चार महिने त्या दुसरं काही आठवतच नसतील. मी लिहीत गेलो. फॉर्मची मागची बाजूही भरली.

मग धनीबाईंना तेच विचारलं.

"मले नाई आठवत बापा."

"लग्नात जिलेबी?"

"खाल्ली असंन. कोन मोजते?"

बिजलीबाई हसल्या. "तिले काहून आठवंन? तिले काई झालं का? तिनं तर माह्यापेक्षा दोन जास्त खाल्ल्या होत्या, मी पाह्यल्या."

"चूप वं! डॉक्टरसाहेब, इचं लिहू नका."

फॉर्म पाहिले. बिजलीबाईंच्या फॉर्मवर जिलेबी, तणाव, झोप, सगळं होतं. धनीबाईंच्या फॉर्मवर जवळपास काही नव्हतं. शंभर घरं अशी केली तर जिलेबी आणि जाऊ ही मधुमेहाची कारणं म्हणून छापून आली असती.

परत येताना बसमध्ये जयाचाच विचार करत होतो, रोजच्यासारखा. मीही दीड वर्षं तेच करतो आहे. तिनं दिवाळीत काय खाल्लं, किती वेळा पाणी प्यायला उठायची, दुपारी किती झोपायची, सगळं आठवून ठेवलं आहे. ती जगली असती तर यातलं काहीच आठवलं नसतं. मी बिजलीबाईंच्या बाजूचा माणूस आहे. माझा फॉर्म कोणी भरला तर तोही फुकट जाईल.

अर्धी वाट सरली असेल-नसेल तेव्हा दुसरी गोष्ट सुचली. शेवटच्या दसऱ्याला जयाला शुगर होतीच, फक्त माहीत नव्हती. तेव्हा तिला कोणी विचारलं असतं, तर तिनं धनीबाईंसारखीच उत्तरं दिली असती. चालणं बदललेलं नव्हतं, चहा बदललेला नव्हता. कोणाला दोष द्यायचा नव्हता.

शनिवारी मॅडमकडे गेलो. म्हटलं, "मॅडम, क्रॉस-सेक्शनल करतो. गावातले तिशीच्या वरचे सगळे घ्यायचे. आधी प्रश्न विचारायचे, मग उपाशीपोटी रक्त. जास्त आलं तर प्रयोगशाळेत पक्कं करायचं. विचारताना त्यांना माहीत नाही, मलाही नाही. ज्यांना शुगर असल्याचं आधीच माहीत आहे, ते किती आहेत एवढं मोजायचं, पण सवयींच्या हिशेबातून बाजूला ठेवायचे. नवीन सापडलेले आणि नॉर्मल, एवढीच तुलना."

मॅडमनी तांड्यावरचे दोन्ही फॉर्म वाचले. मग आकडेवारी बघणाऱ्या गोपाल सरांना बोलावलं. त्यांनी कागदावर गणित केलं.

"नऊशे माणसं घ्या. नवीन पन्नासेक सापडतील. पन्नासात फॉर्मवरचे चौदाही घटक घालू नका, पाच घाला. वय, कंबर, घरात कोणाला शुगर, अंगमेहनत, तंबाखू. झालं."

"चहातली साखर?"

"ती सगळेच टाकतात हो राठोड! फरक कुठून दिसंन?"

मॅडमनी माझं पहिलं पान ओढून घेतलं. उद्देशात लिहिलं होतं: मधुमेहाची कारणे शोधणे. त्यांनी 'कारणे'वर पेन टेकवलं, पण खोडलं नाही.

"एकाच दिवशी सवय आणि शुगर दोन्ही मोजता तुम्ही. जाड झाला म्हणून शुगर, का आधीच काही बिघडलं होतं, हे यातून कळणार नाही. इथं 'संबंधित घटक' येईल. कारण येणार नाही."

"मॅडम, मला तेच हवं होतं."

"माहीत आहे." त्यांना जयाबद्दल ठाऊक होतं. "दुसरा विषय घ्यायचा का? अजून वेळ मागता येईल. मी पत्र देते."

मी नको म्हटलं. दुसरा विषय घेतला तरी घरी गेल्यावर डोक्यात हाच राहिला असता. पेन मी घेतलं आणि शब्द मीच खोडला. वर लिहिलं, संबंधित घटक. अक्षर नीट आलं नाही, म्हणून पुन्हा लिहिलं.

"सापडलेल्या पन्नास लोकांचं काय करणार?" मॅडमनी विचारलं. "समिती विचारेल."

"त्याच दिवशी घरी जाऊन सांगणार. पक्की तपासणी माझ्यासमोर. पाय बघणार. औषध सुरू होईपर्यंत नाव यादीतून काढणार नाही."

"एवढं प्रबंधाला लागत नाही."

"माहीत आहे मॅडम."

त्यांनी ते संमतीपत्राच्या पानावर, सहभागी व्यक्तीला होणारा लाभ या रकान्यात लिहायला सांगितलं. मी तिथंच बसून लिहिलं. गोपाल सर म्हणाले, पन्नासऐवजी साठही निघतील, तयारी ठेवा. मी यादीच्या कागदावर साठ रेघा मारल्या आणि फाइल घेऊन क्लार्ककडे गेलो. शनिवार असल्यामुळं त्यानं आज घेत नाही म्हटलं. मी बाहेरच्या बाकावर बसलो आणि म्हटलं, घ्याल तेव्हा घ्या, मी इथंच आहे.